तोच मार्ग, तीच मशीन, तरी पंधराव्या सायकलनंतर चूक परत वाढते : इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोलवाले, म्हणजे आयएलसीवाले, कोणी आहे का इथे?

रेघोट्या

दोन अक्षांची गँट्री आहे, बेल्टवर चालणारी. नोझल एकच बंद आकार पुन्हा पुन्हा गिरवतं: चार कोपरे, त्यातले दोन गोलाकार, एक फेरी चार सेकंदांची. वेग साधारण १०० मिमी प्रतिसेकंद. सर्व्हो ड्राइव्हच्या आतल्या लूपला हात लावता येत नाही, फक्त पोझिशन कमांड मी पाठवतो, दर मिलिसेकंदाला एक.

दर फेरीत चूक जवळपास सारखीच येते, त्याच जागी, त्याच दिशेला. म्हटलं, मग मागच्या फेरीची चूक साठवून पुढच्या फेरीच्या कमांडमध्ये आधीच मिसळू. पुढची दुरुस्ती = आत्ताची दुरुस्ती + ०.८ × चूक, एवढंच. पहिल्यांदा त्याच क्षणाची चूक त्याच क्षणाला मिसळली, तर दोन-तीन फेऱ्यांत आकार वेडावाकडा झाला. मशीन कमांडच्या साधारण १० मिलिसेकंद मागे चालतं हे लक्षात आल्यावर चूक १० सॅम्पल अलीकडे सरकवून मिसळली. जादू! सुरुवातीला १.१ मिमी असलेली कमाल चूक आठव्या फेरीला ०.०६ वर आली.

आणि मग पंधराव्याच्या आसपास मशीन गुणगुणायला लागलं. विसाव्या फेरीला चूक ०.२ च्या वर, पंचविसाव्याला हात इमर्जन्सी स्टॉपवर. कमांड बदललेला नाही, बेल्ट तोच, लोड तोच. आठ फेऱ्या जे शिकत होतं ते अचानक बिघडायला का लागलं?

बिनधास्त बोल्ट

गेन जास्त आहे हो. ०.८ म्हणजे एका फेरीत जवळजवळ सगळी चूक भरून काढायची घाई. ०.३ करा, निवांत शिकू द्या. पीआयडीत आय वाढवला की हेच होतं, इथे ते फेऱ्यांच्या दिशेने होतंय एवढंच.

आणि आठव्या फेरीला ०.०६ मिळत असेल तर आठव्या फेरीलाच शिकणं बंद करा की! कमांड गोठवा आणि चालवा आयुष्यभर. कोणी सांगितलंय शिकतच राहायला?

चहाटळ

मला वाटलं मशीनचा हात धरून एकदा रस्ता दाखवायचा आणि ते पाठ करतं, तशातलं काहीतरी असेल. धागा वाचून कळलं की इथे मशीन स्वतःच्याच चुका पाठ करतंय. आमच्या वर्गात अशी बरीच मुलं होती.

वेल्डिंगवाली

चहाटळ, तुम्ही म्हणताय ते टीचिंग. त्यात फक्त बिंदू साठवतात, चूक कोणी मोजत नाही. इथे प्रत्येक फेरीनंतर हिशोब मांडला जातो.

रेघोट्या, एक विचारते. दोन फेऱ्यांच्या मधे मशीन थांबतं का? की आकार बंद असल्याने सलग फिरत राहतं?

रेघोट्या

थांबतं. फेरी संपली की त्याच जागी अर्धा सेकंद उभं राहतं, मग पुढची सुरू. बोल्टभाऊ, ०.३ करून बघतो आणि कळवतो.

जुना फेजवाला

बोल्ट, कमांड गोठवण्याचा सल्ला वाटतो तितका वाईट नाही, त्याकडे नंतर येऊ. पण गेनचं निदान चुकतंय.

रेघोट्या, एकच चूक म्हणून बघू नका. चूक ही अनेक फ्रीक्वेन्सींची बेरीज आहे आणि प्रत्येक फ्रीक्वेन्सी दर फेरीला आपापल्या गुणकाने लहान किंवा मोठी होते. बहुतेक ठिकाणी तो गुणक १ पेक्षा कमी आहे, म्हणून आठ फेऱ्या तुम्हाला स्वर्ग दिसला. कुठल्यातरी एका पट्ट्यात तो १ पेक्षा जास्त आहे. तिथली चूक सुरुवातीला इतकी बारीक असते की एकूण आकड्यात दिसतच नाही. ती पहिल्या फेरीपासून वाढत होती. पंधराव्याला ती फक्त नजरेत आली.

हे तपासायला मॉडेल लागत नाही. चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या चुकांचं एफएफटी काढा आणि प्रत्येक फ्रीक्वेन्सीला पाचव्याला चौथ्याने भागा. जो भागाकार येतो तोच तुमचा गुणक. मग दहाव्या-अकराव्याचा काढा, मग पंधराव्या-सोळाव्याचा. तीनही वेळा एकाच जागी तोच १ च्या वरचा आकडा आला तर चोर सापडला. जिथे चूक नुसत्या गोंगाटाइतकी आहे तिथला भागाकार मात्र निरर्थक उड्या मारेल, तिकडे लक्ष देऊ नका.

सहाव्या सेमची

माझा सेमिनार याच विषयावर आहे म्हणून मधेच बोलते. १९८४ साली आरिमोतो, कावामुरा आणि मियाझाकी यांनी रोबोटसाठी हे मांडलं, तिथपासून वाचत आले आहे. पुस्तकात अट दिलीये ती अशी: चूक एका सॅम्पलने अलीकडे घेतली तर |1 − γ·g1| < 1 असलं की चूक शेवटी शून्यावर जाते. γ म्हणजे शिकण्याचा गेन, g1 म्हणजे कमांडला धक्का दिल्यावर पहिल्याच सॅम्पलला मशीन किती हललं. त्यात फ्रीक्वेन्सी नाही, फेज नाही, रेझोनन्सचं नावही नाही. आणि ती सिद्धता बरोबर आहे, मी स्वतः करून पाहिली आहे. मग फेजवाले काका म्हणतात ते आणि हे एकत्र कसं बसतं?

जुना फेजवाला

काका म्हणायला हरकत नाही, केस गेलेत.

सिद्धता बरोबरच आहे. ती ‘शेवटी’ या शब्दाबद्दल आहे. फेऱ्या अनंताकडे गेल्या की चूक शून्य. वाटेत ती किती वर चढेल याबद्दल ती अट काहीही सांगत नाही. फेरीतला पहिला सॅम्पल आधी बरोबर होतो, कारण त्याच्या आधी काही घडलेलंच नसतं. मग दुसरा, मग तिसरा. बरोबर झालेला भाग हळूहळू पुढे सरकतो आणि त्या वेळात फेरीचा उरलेला भाग आकाशाला भिडू शकतो. कागदावर एवढ्या वर जाऊन परत खाली येतं की त्या उंचीला खरं मशीन कधीच मोडलं असतं. रिचर्ड लाँगमन यांनी प्रत्यक्ष रोबोटवर हे दाखवून त्यावर बरंच लिहिलं आहे: चूक छान उतरते, माणूस खूश होतो, मग आवाज यायला लागतो.

रेघोट्यांच्या मशीनवर तर g1 जवळजवळ शून्य असणार, एका मिलिसेकंदात एवढं वजन हलतं कुठे? म्हणजे त्या अटीत कुठलाही माफक गेन पास होतो. जी अट सगळ्यांनाच पास करते ती मशीनपाशी उभं राहिल्यावर फार कामाची नसते. दर फेरीला चूक घटलीच पाहिजे असं हवं असेल तर प्रत्येक फ्रीक्वेन्सीचा गुणक १ च्या खाली हवा.

सहाव्या सेमची

अच्छा, म्हणजे आयगेनव्हॅल्यू एकपेक्षा लहान असूनही नॉर्म आधी फुगतो. मॅट्रिक्सच्या तासाला हे ऐकलं होतं, तेव्हा त्याचा उपयोग काय असं वाटलं होतं.

रेघोट्या

दोन गोष्टी झाल्या.

बोल्टभाऊ, गेन ०.३ केला. उतरायला जास्त फेऱ्या लागल्या, पण उतरली. गुणगुण पंधराव्याला आली नाही. सुटलो असं वाटलं, चालू ठेवलं आणि साठीच्या आसपास परत तोच आवाज. सूरसुद्धा तोच.

फेजवाले, भागाकार काढला. ४८ हर्ट्झला प्रत्येक वेळी १.२८ ते १.३० (गेन ०.८ असताना). १० हर्ट्झच्या खाली ०.२-०.३, २० हर्ट्झला ०.५ च्या जरा वर, ३५ च्या आसपास १ ओलांडतो. पहिल्या फेरीत ४८ हर्ट्झची चूक होती साधारण ०.००१ मिमी. एन्कोडरच्या आकड्यांत ती शोधूनही दिसली नसती.

जुना फेजवाला

बघा, हिशोब किती चोख बसतो. १.२९ दर फेरी, पंधरा फेऱ्यांत ४५ पट, म्हणजे ०.०४५ मिमी. तेव्हाच तुम्हाला ऐकू यायला लागलं. वीस फेऱ्यांत १६० पट, ०.१६. त्यात उरलेली चूक मिळवा, तुमचे ०.२ आले. पंचविसाव्याला अर्ध्या मिमीच्या पुढे.

आता ४८ लाच का ते बघा. तुम्ही १० सॅम्पल अलीकडे सरकता, म्हणजे १० मिलिसेकंदांची फेज उचलून देता. २० हर्ट्झला ती ७२ अंश होते. मशीन तिथे समजा १०० अंश मागे आहे, तर उरतात २८. दुरुस्ती बहुतांशी योग्य दिशेने पडते. तुम्ही सुरुवातीला न सरकवता मिसळलीत तेव्हा १०० चे १०० अंश तसेच राहिले. नव्वदच्या पुढे गेलं की दुरुस्ती चुकीच्या बाजूने ढकलायला लागते, म्हणून आकार लगेच बिघडला.

४८ हर्ट्झला १० मिलिसेकंद म्हणजे १७३ अंश. बेल्टचा रेझोनन्स तिथे असेल तर मशीन २९० अंशांच्या आसपास मागे असू शकतं. उरले ११७. परत नव्वदच्या पलीकडे! मशीनचा प्रतिसाद तिथे ०.६ धरा, ०.८ ने गुणा, आणि ११७ अंशांवर एकातून वजा करा: १.२९ येतं. तुमचा मोजलेला आकडा.

आणि बोल्ट, यातच तुमचं उत्तर आहे. गेन ०.३ केला तरी कोन ११७ च राहतो, गुणक १.०९ होतो. १ च्या वरच. १६० पट व्हायला वीसच्या जागी पंचावन्न-साठ फेऱ्या लागतात. दिशाच चुकीची असेल तर हळू चालून पोहोचणार चुकीच्याच गावी, जरा उशिरा.

बिनधास्त बोल्ट

मान्य, कोन गेनने बदलत नाही. पण माझा दुसरा मुद्दा अजून उभा आहे. आठव्या फेरीला ४८ हर्ट्झचा भाग ०.००८ मिमी, कोणाला त्रास? तिथे गोठवा. एवढी फेज, एवढे अंश कशाला?

वेल्डिंगवाली

कारण मशीन गोठत नाही ना बोल्टभाऊ. आमच्याकडे सील लावणाऱ्या रोबोटवर अगदी हेच केलं होतं. सकाळी शिकवायचं, गोठवायचं, दिवसभर चालवायचं. दुपारपर्यंत गिअरबॉक्समधलं ग्रीस गरम होऊन घर्षण बदलायचं आणि सकाळची दुरुस्ती दुपारच्या मशीनला लागू पडायची नाही. बंदच पडायचं असं नाही, पण जे मिळवलं त्यातलं अर्धं तरी जायचं.

त्याहून मोठी गंमत वेगळीच. एकदा ऑपरेटरने स्पीड ओव्हरराइड ८० टक्क्यांवर आणला. कंट्रोलरने मार्ग ताणला आणि शिकलेली दुरुस्तीसुद्धा तशीच ताणून वाजवली. परिणाम न शिकलेल्या मशीनपेक्षा वाईट! शिकलेली दुरुस्ती त्या मार्गाची, त्या वेगाची, त्या लोडची असते. प्रवेग बदलला की लागणारं बळ बदलतं, लॅगचा वाटा बदलतो. शेवटी ओव्हरराइड १०० नसेल तर दुरुस्ती आपोआप शून्य, असं प्रोग्रॅममध्येच टाकलं.

बिनधास्त बोल्ट

वेगाच्या प्रमाणात दुरुस्तीही कमी करायची की. ८० टक्के वेग, ८० टक्के दुरुस्ती.

वेल्डिंगवाली

लॅगमुळे येणारा भाग वेगाच्या प्रमाणात, प्रवेगाचा भाग वर्गाच्या, घर्षणाचा भाग जवळपास बदलतच नाही. शिकलेल्या सिग्नलमध्ये तिन्ही एकत्र कालवलेले असतात. वेगळे काढता आले तर करा.

सहाव्या सेमची

वेगळे काढण्याचे प्रकार आहेत. दर सॅम्पलची दुरुस्ती शिकण्याऐवजी फक्त वेग, प्रवेग, जर्क यांचे गुणांक शिकायचे. मग मार्ग बदलला तरी चालतं. पण चूक तेवढी खाली येत नाही म्हणतात.

हातपाय

मी फिजिओथेरपिस्ट, इथे चुकून आलो आणि अडकलो. पक्षाघातानंतरच्या रुग्णांच्या हाताला विद्युत उत्तेजना देऊन ठरलेला मार्ग गिरवायला लावण्यासाठी साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने हेच आयएलसी वापरलं आहे. रुग्ण तीच हालचाल पुन्हा करतो, मागच्या वेळी कुठे चुकलं त्यावरून पुढच्या वेळची उत्तेजना ठरते.

माझा प्रश्न: स्नायू थकतो. दर फेरीला प्रणाली तीच राहत नाही. मग शिकण्याला अर्थ काय उरतो?

जुना फेजवाला

हळूहळू बदलत असेल तर उरतो, कारण शिकणंही चालूच असतं. शिकण्याचा वेग थकण्याच्या वेगापेक्षा जास्त असला की पुरे. म्हणून गोठवण्यापेक्षा कायम शिकता येईल अशी रचना मला बरी वाटते. रुग्ण एकदम वेगळंच काही करू लागला तर मात्र मागच्या फेरीची शिकवण घातकच. स्नायूंबद्दल याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

रेघोट्या, आता उपाय. ३५ हर्ट्झच्या वर तुमचा गुणक १ ओलांडतो, तर तिथे शिकूच नका. प्रत्येक फेरीनंतर नवी दुरुस्ती लो-पास फिल्टरमधून काढा. साध्या फिल्टरने स्वतःचीच फेज येईल आणि २० हर्ट्झवर जे कमावलं ते जाईल. पण फेरी संपलेली आहे, सगळा डेटा हातात आहे, त्यामुळे तोच फिल्टर एकदा पुढून आणि एकदा मागून चालवता येतो. दोन्ही फेज एकमेकांना खातात, उरते शून्य.

```python
import numpy as np
from scipy.signal import butter, sosfiltfilt

sos = butter(4, 25, fs=1000, output='sos')
d = 10
e_lead = np.append(e[d:], np.full(d, e[-1]))
u = sosfiltfilt(sos, u + 0.8*e_lead)
```

`u` ही मूळ कमांडमध्ये मिसळायची दुरुस्ती. फिल्टर दुरुस्ती आणि चूक यांच्या बेरजेवर लावायचा, नुसत्या चुकीवर नाही. नुसत्या चुकीवर लावला तर आधीच साठलेला ४८ हर्ट्झचा कचरा जिथल्या तिथे राहतो. बेरजेवर लावला की तो दर फेरीला पुसला जातो. दोनदा गेल्यामुळे ४८ हर्ट्झला हा फिल्टर अर्ध्या टक्क्याच्या आसपासच सोडतो, मग १.२९ चं काय घेऊन बसलात.

फेरीच्या दोन्ही टोकांना मशीन उभं असतानाचे दोनेकशे मिलिसेकंदही नोंदीत घ्या. नाहीतर मागे-पुढे फिरणारा फिल्टर टोकाला काहीतरी शोध लावतो आणि तो शोध दर फेरीला शिकला जातो.

वेल्डिंगवाली

मी थांबतं का विचारलं ते याच्यासाठीच. मशीन दर वेळी तिथूनच आणि पूर्ण शांत होऊन सुरू व्हायला हवं. आधीच्या फेरीची थरथर पुढच्या फेरीच्या सुरुवातीला उरली तर ती मार्गाची चूक म्हणून शिकली जाते. तुमचा अर्धा सेकंद ४८ हर्ट्झच्या थरथरीला पुरतो का हे नोंदीत बघा, डोळ्यांनी नको. न थांबता सलग फिरणाऱ्या मशीनचं शास्त्र थोडं वेगळं, तिथे एका फेरीचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असते.

रेघोट्या

केलं. शांत!

पन्नास, शंभर, दोनशे फेऱ्या गेल्या, कमाल चूक ०.०७ च्या आसपास स्थिर आहे. एक शंका उरते. फिल्टर नसताना आठव्या फेरीला ०.०६ मिळत होती, आता ०.०७ च्या खाली जातच नाही. दोन तीक्ष्ण कोपऱ्यांवर अडकली आहे. दुसरं म्हणजे दर फेरीला ती ०.०७ ते ०.०८ मध्ये नाचते, एका जागी बसत नाही.

जुना फेजवाला

कोपऱ्यावरची चूक ही फिल्टरची किंमत. तीक्ष्ण कोपऱ्याला वरच्या फ्रीक्वेन्सी लागतात आणि त्याच आपण शिकायच्या नाहीत असं ठरवलं. फिल्टर ३० वर नेऊन पाहू शकता, ३५ ची हद्द जवळ येते एवढंच. खरं तर मार्गच सुधारा. काटकोनात वळताना वेग एका क्षणात बदलावा अशी मागणी करणारा संदर्भ कुठलंही मशीन पाळणार नाही, शिकून किंवा न शिकून. कोपऱ्यावर वेग उतरवा किंवा छोटी त्रिज्या द्या.

नाचण्याबद्दल: शिकणं बंद करून तीच कमांड दहा-वीस वेळा चालवा आणि फेऱ्यांमधला फरक बघा. तो फरक शिकून जाणारा नाही, कारण पुढच्या वेळी तो वेगळाच असणार. उलट शिकणं तो वाढवतं: मागच्या फेरीचा गोंगाट तुम्ही या फेरीत मिसळता आणि या फेरीचा स्वतःचा असतोच. गोंगाटाचं व्हेरिअन्स साधारण 2/(2−γ) पट होतं. ०.८ ला १.६७ पट, म्हणजे विचलन सव्वापटीहून जरा जास्त. ०.२ ला फक्त १.११ पट. म्हणून पहिल्या दहा फेऱ्या ०.८ ने धावा, मग ०.२ वर या. बोल्ट, गेन कमी करायची खरी जागा ही.

बिनधास्त बोल्ट

शेवटी गेन कमीच केला ना! कारण वेगळं, उपाय माझाच. 😄

सहाव्या सेमची

काका, १० सॅम्पल सरकवण्याऐवजी मशीनचं मॉडेल उलटं करून शिकलं तर? म्हणजे ४८ हर्ट्झलाही फेज बरोबर बसेल, फिल्टर ८० वर नेता येईल, कोपरेही सुधारतील.

जुना फेजवाला

येईल, मॉडेलवर तेवढा भरवसा असेल तर. मॉडेलचीच फेज नव्वदने चुकली की आपण परत तिथेच. सरळ उलट करण्यापेक्षा एक मऊ मार्ग आहे: चूक काळाच्या दिशेने उलटी करा, शेवट आधी आणि सुरुवात शेवटी, ती मशीनच्या मॉडेलमधून काढा आणि निघालेलं परत उलटं करा. मशीनची फेज स्वतःलाच खाऊन टाकते, प्रत्येक फ्रीक्वेन्सीला. मॉडेल नसेल तर उलटी केलेली चूक लहान प्रमाणात खऱ्या मशीनलाच दुरुस्ती म्हणून देऊन बघता येते. मूळ कमांडवर चढवा आणि दोन धावांमधला फरक घ्या. दर फेरीला एक जास्तीची धाव खर्ची पडते. आणि जिथे मशीनचा प्रतिसादच क्षीण आहे तिथे शिकणं गोगलगायीच्या वेगाने होतं.

या मशीनवर मी करणार नाही. बेल्टची गँट्री आहे, गाडी मधे असताना आणि टोकाला असताना बेल्टची मोकळी लांबी बदलते, रेझोनन्स सरकतो. मधे ४८ आहे तो टोकाला चार-पाच हर्ट्झ इकडेतिकडे असेल. रेझोनन्सपाशी तेवढ्यात फेज शंभर अंश फिरू शकते. रेघोट्यांनी संपूर्ण फेरीचं एफएफटी काढलं त्यात हे सगळं सरासरीत बुडालं आहे.

सहाव्या सेमची

बॉल स्क्रूवाल्या मशीनवर जमेल मग?

जुना फेजवाला

तिथे बोलू. तिथे रेझोनन्स वर असतो आणि फारसा फिरत नाही.

वेल्डिंगवाली

सगळं छान चाललंय, पण एक कोणीच विचारलं नाही. रेघोट्या, तुम्ही चूक मोजता कुठे? मोटरच्या एन्कोडरवर की नोझलपाशी?

रेघोट्या

मोटरच्या एन्कोडरवर. दुसरा सेन्सरच नाही.

वेल्डिंगवाली

मग ०.०७ ही मोटरची चूक आहे, नोझलची नाही. मधे बेल्ट आहे. आयएलसी जे मोजतं तेवढंच बरोबर करतं, आणि मोटर कोपऱ्यावर काटेकोर वळली म्हणजे नोझलला जास्तच झटका बसतो. शिकण्याआधी मोटर आळशी होती म्हणून नोझल कदाचित कमी थरथरत होतं.

नोझलच्या जागी पेन बसवा. तोच आकार एकदा अगदी हळू काढा आणि त्याच कागदावर पूर्ण वेगाने, दुरुस्तीसह. मग दुरुस्तीशिवाय. कोपऱ्यानंतरच्या सरळ रेषेवर लाट दिसते का बघा. ४८ हर्ट्झ आणि १०० मिमी प्रतिसेकंद म्हणजे लाटेची लांबी २ मिमीच्या जरा वर.

रेघोट्या

केलं. सरळ भागांवर दुरुस्तीसह रेघ हळू रेघेवर तंतोतंत बसते, दुरुस्तीशिवाय नाही. गोल कोपऱ्यांवरही फायदा स्पष्ट. पण एका तीक्ष्ण कोपऱ्यानंतर दोन्ही वेळा लाट आहे, दोन मिमीची, तीन-चार हेलकावे. दुरुस्तीसह जरा जास्तच वाटते, भिंगाखालीसुद्धा पैज लावून सांगता येत नाही.

बिनधास्त बोल्ट

बेल्ट आवळा. रेझोनन्स वर जाईल.

जुना फेजवाला

बेल्टचा ताण वाढला की लाट कमी होईलच असं नाही, कडकपणा बेल्टच्या जातीवर आणि रुंदीवर जास्त असतो. ढिला असेल तर मात्र फरक पडेल. आवळलात तर भागाकार परत काढा, ३५ ची हद्द सरकलेली असेल.

वेल्डिंगवाली

मी नोझलवर एक स्वस्त ॲक्सेलरोमीटर चिकटवीन. जागा मोजायला तो नालायक, कारण दोनदा इंटिग्रेट केलं की वाहवत जातो. पण ४८ हर्ट्झचा भाग वेगळा काढून मोटरच्या चुकीत मिसळायला पुरेल असं वाटतं. खालचं एन्कोडरकडून, वरचं ॲक्सेलरोमीटरकडून.

जुना फेजवाला

आणि दोघांच्या सीमेवर फेज जुळवायची. शिवाय शिकणं ४८ पर्यंत न्यायचं म्हणजे वर ज्याला मी नाही म्हटलं तेच, रेझोनन्सपाशी शिकणं. मला हे पटलेलं नाही. कोपऱ्याचा वेग उतरवून लाट उगमालाच मारणं सोपं.

वेल्डिंगवाली

वेग उतरवला की फेरीचा वेळ वाढतो, त्यासाठीच तर शिकवत होतो ना?

रेघोट्या

आधी कोपऱ्याला २ मिमीची त्रिज्या देऊन बघतो, आकारात तेवढी चालेल असं विचारून आलोय. ॲक्सेलरोमीटर मागवला आहे, आला की त्या एकाच कोपऱ्यापुरती नोंद इथे टाकतो, दुरुस्तीसह आणि दुरुस्तीशिवाय.